प्रमाणपत्रांची फाईल रिकामी असेल तर

परदेशी देवाणघेवाण कार्यक्रमाचा किंवा उन्हाळी शाळेचा अर्ज भरताना बरीच मुलं 'स्वतःविषयी लिहा' या रकान्यापाशी अडतात. ऑलिम्पियाड नाही, वक्तृत्वाचा करंडक नाही. मग लिहायचं काय?

हे निवेदन मागतात कशाला, ते आधी पाहू. एएफएस ही मूळची युद्धातल्या जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवक रुग्णवाहिका-चालकांची संस्था. १९४७ पासून ती शाळकरी मुलांना दुसऱ्या देशात पाठवू लागली. मूल तिथे एका कुटुंबात राहतं, तिथल्याच शाळेत जातं. साहजिकच हे मूल परक्या घरात कसं वागेल, अडचण आली तर काय करेल, याचा अंदाज निवडणाऱ्यांना हवा असतो. तो गुणपत्रिकेवरून येत नाही.

समजा, दहावीतल्या एका मुलीच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे आणि शाळा सुटल्यावर ती तिथे बसते. तिच्या पहिल्या खर्ड्यात असतं, 'मी कष्टाळू आहे, मला नवनवीन संस्कृती जाणून घ्यायला आवडतात.' यातलं एकही वाक्य तिचंच म्हणून ओळखू येत नाही. वर्गातल्या कुणाच्याही अर्जात ते खपून जाईल. असं वाक्य दिसलं की सरळ खोडावं.

दुसऱ्या खर्ड्यात ती एकच प्रसंग लिहिते. एक आजी राजगिऱ्याचं पीठ परत घेऊन आल्या, कारण त्यात आधीच्या दळणाचं गव्हाचं पीठ मिसळलं होतं आणि त्यांचा उपवास होता. मुलीने वडिलांशी बोलून एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळी गिरणी झाडून घ्यायची आणि उपवासाची दळणं आधी काढायची असं ठरवलं. डब्यांवर नाव, धान्य आणि वजनाची चिठ्ठी लावायला सुरुवात केली. काही गिऱ्हाईकं थांबावं लागतं म्हणून कुरकुरली, तेही ती लिहिते. शेवटी दोन ओळींत ती हे कार्यक्रमाशी जोडते: दुसऱ्याच्या स्वयंपाकघराचे नियम आपल्याला पटोत न पटोत, ते आधी विचारून घ्यावेत, एवढं गिरणीत शिकले.

यात बक्षीस कुठेच नाही, पण ऐकून घेणं, उपाय काढणं आणि त्याची किंमत ओळखणं, तिन्ही दिसतात.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. गरिबीचं वर्णन करून दया मागू नये. परिस्थिती सांगावी, पण तिच्यात आपण काय केलं त्यासाठी. आणि सरांकडून किंवा ताईकडून भारी इंग्रजीत सगळं लिहून घेऊ नये. मुलाखत असेल तर निवेदनातलाच प्रसंग खोदून विचारला जाऊ शकतो.

चांगलं निवेदन वयाची किंवा गुणांची अट माफ करून देत नाही. म्हणून आधी पात्रतेचे नियम वाचा, मगच लिहायला बसा.