दोन वेढे, दोनशे किलो

कौलारू घरावर झुकलेली आंब्याची फांदी पावसाळ्याआधी उतरवायची आहे. वजन 200 किलो. ती नुसती कापली तर कौलं फुटणार. म्हणून दोर फांदीला बांधून वरच्या बेचक्यातून खाली आणतात, बुंध्याभोवती दोन वेढे घेतात आणि मोकळं टोक एकट्या माणसाच्या हातात देतात. फांदी सुटली की दोर ताठ होतो, पण त्या माणसाच्या हाताला जेमतेम पाच किलोचा ओढा जाणवतो.

बाकीचं वजन बुंधा पेलतो. वेढ्यातल्या दोराचे बारीक बारीक तुकडे मनात धरा. ताणामुळे प्रत्येक तुकडा सालीवर दाबला जातो, दाबामुळे घर्षण होतं आणि ताणाचा थोडा हिस्सा तिथेच अडतो. पुढच्या तुकड्याकडे उरलेला ताण जातो. तोही त्यातला तेवढाच हिस्सा अडवतो. म्हणजे ही उलटी चक्रवाढ झाली. घर्षणगुणांक 0.3 धरला, तर एका वेढ्यानंतर 200 किलोचे सुमारे 30 उरतात, दोन वेढ्यांनंतर साडेचार. बेचक्यातलं घर्षण या हिशेबात धरलेलंच नाही. 18व्या शतकात ऑयलरने हे गणित मांडलं. त्यात बुंध्याची जाडी कुठेच येत नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं. खोड बारीक असेल तर दोर जास्त जोराने दाबला जातो, पण टेकतो कमी लांबीवर, आणि दोन्हींची फिट्टंफाट होते.

साल ओली असेल तर मात्र हिशेब बदलतो. गुणांक 0.2 वर आला की तेच दोन वेढे हातावर 16 किलो सोडतात. मग तीन वेढे का घेऊ नयेत? कोरड्या सालीवर तीन वेढ्यांनी पाऊण किलोपेक्षाही कमी ओढ उरते. जमिनीवर पडलेल्या दोराचं वजनही तेवढं असू शकतं. मग दोर आपण होऊन सरकत नाही, हाताने भरवावा लागतो, आणि फांदी हिसके देत उतरते.

उलट, मोकळं टोक पुरतं सोडलं तर वेढ्यांना धरायला काहीच उरत नाही आणि फांदी सुसाट खाली येते. वेढ्यावर वेढा चढला तर दोर अडकतो. नायलॉनचा दोर भरभर सोडला तर घर्षणाच्या उष्णतेने त्याचे तंतू वितळून चकचकीत, कडक होतात. असा दोर पुन्हा भाराला लावू नये.

फांदी वर ओढायला हे वेढे कामाचे नाहीत. तेव्हा तेच घर्षण आपल्याविरुद्ध उभं राहतं. उतरवताना मात्र ओढ फार वाटली, तर जाणता माणूस दोर ताणलेलाच ठेवून बुंध्याला अर्धी फेरी मारतो. त्या अर्ध्या वेढ्याने हातावरचा भार निम्म्याहून कमी होतो.