उशिराचा माल आणि पत्रातल्या तारखा

पुरवठादाराला लेखी कळवलं की संबंध बिघडतात, त्यापेक्षा फोनवर सांगावं, असं खरेदी विभागात सर्रास मानलं जातं. फोन करायलाच हवा. पण फोनवर बोलणं होतं ते आज अडकलेल्या मालाबद्दल. दर खेपेला वेगळं कारण मिळतं, ते त्या खेपेपुरतं खरंही असतं, आणि वारंवार होणारा उशीर नजरेआडच राहतो. समजा, भोसरीतला एक कारखाना कोल्हापूरच्या फाउंड्रीकडून पंपाची कास्टिंग घेतो. सहा ऑर्डरींपैकी चार 6, 4, 9 आणि 7 दिवस उशिरा आल्या. पीओ क्रमांक, ठरलेली तारीख, माल गेटवर आल्याची तारीख आणि कास्टिंगचा प्रकार एवढंच पत्रात ओळीने मांडलं, की दिसतं: चारही ऑर्डरी कोअर लागणाऱ्या कास्टिंगच्या आहेत, साधी कास्टिंग वेळेवर आली. म्हणजे अडचण ट्रकची नाही, बहुधा कोअर शॉपमधली आहे. ‘तुम्ही नेहमीच उशीर करता’ या वाक्याने माणूस दुखावतो. हा तक्ता मात्र त्यालाही उपयोगी पडतो. 9 दिवसांच्या उशिरात आपण मध्येच ड्रॉइंग बदलल्याचा वाटा असेल, तर तेही आपणहून लिहावं. नाहीतर सगळं उत्तर त्या एका ओळीभोवतीच फिरेल.

दुसरा गैरसमज महागात पडणारा आहे: आधी माल घेऊ, नुकसानीचं नंतर बघू. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 55 नुसार, वेळ हा कराराचा गाभा असताना उशिरा आलेला माल स्वीकारला, तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. मागण्याचा इरादा स्वीकारतानाच कळवावा लागतो. म्हणून माल उतरवून घेतानाच दोन ओळींची मेल जायला हवी. त्याऐवजी बिल अडवून ठेवणं हा उपाय नव्हे. फाउंड्री नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात. चुकल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं.

‘यापुढे काळजी घेऊ’ या उत्तरावर समाधान मानणं हीसुद्धा चूकच. पत्रातच विचारावं: कोअर कुठे अडतो, काय बदलणार, जबाबदारी कोणाची, कधीपर्यंत, आणि उत्तराला सात कामकाजी दिवसांची मुदत द्यावी. छोट्या फाउंड्रीला एवढी कागदपत्रं झेपत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्याकडून एका पानाचं उत्तर पुरे, मराठीत, हाताने लिहिलेलंही चालेल. त्यात तारीख मात्र हवी. पुढच्या ऑर्डरी त्याच तक्त्यात भरत जाव्यात. दोन वेळेवर आल्या तरी त्या साध्या कास्टिंगच्या असतील, तर कोअरची अडचण सुटली असं धरता येणार नाही.