उतरल्यावर, उतरताना, उतरेपर्यंत

आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेचा दुसरा भाग मराठी मुलांना सर्वांत अवघड जातो, असा माझ्या शिकवण्याच्या वर्षांतला अनुभव आहे. परीक्षक एक कार्ड, कागद आणि पेन्सिल समोर ठेवतात. कार्डावर विषय असतो, समजा, ‘तुमची एखादी महत्त्वाची वस्तू हरवली तो प्रसंग सांगा’. त्याखाली तीन-चार सूचना असतात: कुठे हरवली, कशी हरवली, पुढे काय झालं, तुम्हाला काय वाटलं. तयारीला एक मिनिट मिळतं आणि मग एक ते दोन मिनिटं एकट्याने बोलायचं असतं. मध्ये कोणी ‘हं, मग?’ म्हणून हात देत नाही, आणि नेमकं तिथेच गोष्टीचं बोट सुटतं.

साताऱ्याच्या एका विद्यार्थिनीने सरावात सांगितलेला तिचा खरा अनुभव घेऊ. ती मुलाखतीसाठी एसटीने पुण्याला निघाली होती. पाऊस होता आणि गाडी गच्च भरलेली. प्रमाणपत्रांची फाइल तिने वरच्या रॅकवर ठेवली आणि स्वारगेटला झोपेतच उतरली. मुलाखतीच्या ठिकाणी बॅग उघडल्यावर फाइल नाही हे लक्षात आलं. ती धावत परत आली, तर कंडक्टरने फाइल आधीच डेपोच्या केबिनमध्ये नेऊन दिलेली होती.

मराठीत तिने हे रंगवून सांगितलं. इंग्रजीत मात्र ते असं आलं: ‘लास्ट इयर आय हॅड गॉन टु पुणे. देन आय सॅट इन द बस. देन बस इज फुल. देन आय केप्ट माय फाइल ऑन द रॅक. देन आय ओपन्ड माय बॅग, अँड आय सी, फाइल इज नॉट देअर.’ पन्नासेक सेकंदांत गोष्ट संपली. मग ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

तिचं इंग्रजी व्याकरण कच्चं नव्हतं. काळांचे तक्ते तिला पाठ होते. ती मराठीतून गोष्ट सांगत होती आणि मराठीच्या सवयी तशाच पलीकडे जात होत्या. पहिलंच वाक्य घ्या. ‘गेल्या वर्षी मी पुण्याला गेले होते.’ मराठीत गोष्ट अशीच सुरू होते. हे ‘होते’ ऐकणाऱ्याला सांगतं, की आता जुनी हकिगत येतेय, बसा. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ हे काम करत नाही. गोष्ट ज्या क्षणावर आहे, त्याच्याही आधी काहीतरी घडून गेलं होतं, एवढंच ते सांगतं. त्यामुळे ऐकणारा वाट बघत राहतो, की कशाच्या आधी गेली होती? उत्तर येतच नाही. सुरुवातीला साधा भूतकाळ पुरतो: ‘लास्ट इयर आय वेंट टु पुणे.’

मग ‘हॅड’ कुठे वापरायचं? या गोष्टीत त्याच्या खऱ्या जागा दोनच आहेत. बॅग उघडली, फाइल नाही, आणि मन एकदम मागे धावलं: ‘आय हॅड लेफ्ट इट ऑन द रॅक.’ दुसरी जागा केबिनमधली: ‘द कंडक्टर हॅड ऑलरेडी हँडेड इट इन.’ दोन्ही ठिकाणी गोष्ट पुढे जाता जाता एक पाऊल मागे टाकते. पहिल्या वाक्यापासून ‘हॅड’ उधळलं, तर ही दोन वाक्यं इतरांसारखीच सपाट ऐकू येतात.

‘आय सी, फाइल इज नॉट देअर’ याच्या मागे आपलं ‘बघते तर काय, फाइल नाही!’ उभं आहे. रंग चढला की मराठी गोष्ट वर्तमानकाळात उडी मारते. इंग्रज माणूसही मित्रांना सांगताना असं करतो. पण परीक्षेत एकच वाक्य वर्तमानात गेलं आणि पुढचं परत भूतकाळात आलं, तर ती चूकच वाटते. ‘बस इज फुल’चंही तेच. गर्दी, पाऊस, झोप या गोष्टी घटना नसतात, घटनांमागचा पडदा असतात. त्यांच्यासाठी ‘इट वॉज रेनिंग’, ‘द बस वॉज पॅक्ड’.

उरलं ते ‘देन’. ते का इतकं येतं, हे कळायला मला बराच काळ लागला. मराठीत क्रम दाखवायला सुटा शब्द फारसा लागतच नाही, क्रियापदाची शेपटीच ते काम करते. उतरल्यावर, उतरताना, उतरताच, उतरेपर्यंत. चार वेगवेगळ्या वेळा, पण शब्द एकच. इंग्रजीत जाताना शेपटी गळते, क्रियापद उघडं पडतं, आणि मुलं ते ‘देन’च्या दोरीने बांधत जातात. परीक्षेच्या गुणांकनातही, ठरावीक जोडशब्दांचा अतिवापर हे पाचव्या बँडच्या बोलण्याचं एक लक्षण म्हणून नोंदलेलं आहे.

म्हणून मी मुलांना आधी मराठीतच वाक्य म्हणायला लावते आणि शेपटी ओळखायला सांगते. ‘-ल्यावर’ आलं तर ‘आफ्टर’. ‘-ताना’ आलं तर ‘व्हाइल’. ‘-ताच’ला ‘ॲज सून ॲज’. ‘-पर्यंत’ला ‘बाय द टाइम’. यात एक सोय आहे. हे शब्द बहुतेकदा आपला काळ सोबत घेऊन येतात. ‘व्हाइल’ म्हटलं की चालू भूतकाळ ओठावर येतो, ‘ॲज सून ॲज’ला साधा भूतकाळ जुळतो, आणि ‘बाय द टाइम’च्या जोडीला बऱ्याचदा ‘हॅड’ लागतं: ‘बाय द टाइम आय गॉट बॅक, द बस हॅड लेफ्ट.’

तयारीच्या मिनिटात वाक्यं लिहू नयेत. दोन वाक्यांतच मिनिट संपतं आणि मग ती वाचली जातात, जे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. आम्ही फक्त क्रियापदं लिहितो, पण ज्या काळात बोलायची त्याच रूपात. या मुलीच्या कागदावर दुसऱ्या दिवशी इतकंच होतं: वेंट, वॉज रेनिंग, पुट, गॉट ऑफ, ओपन्ड, हॅड लेफ्ट, रॅन बॅक, हॅड हँडेड. दोन्ही ‘हॅड’खाली रेघ. बोलताना मुलाखत कसली होती, यात ती वाहवत गेली, तेव्हा तिने कागदाकडे पाहिलं, ‘एनीवे’ म्हटलं आणि पुढचं क्रियापद उचललं. धागा हातात आला. मध्येच एकदा ‘आय रन’ म्हणून तिने लगेच ‘आय रॅन’ केलं. अशी एखादी दुरुस्ती खपून जाते. प्रत्येक वाक्यात मागे वळलं तर मात्र ओघ तुटतो आणि गुणही जातात.

दोन मिनिटं झाली की परीक्षक स्वतःच थांबवतात आणि त्याचे गुण कापत नाहीत. तरी शेवटच्या सूचनेपर्यंत, म्हणजे काय वाटलं इथवर, पोचलेलं बरं. नाहीतर गोष्ट डेपोतच अडकते.

दुसऱ्या खेपेला तिची गोष्ट जवळजवळ दोन मिनिटं चालली. ‘देन’ दोनदाच आलं. केबिनपाशी येऊन ती क्षणभर थांबली, अगदी मराठीत थांबली होती तिथेच, आणि मग म्हणाली, ‘द कंडक्टर हॅड ऑलरेडी हँडेड इट इन. आय कुडंट स्पीक. आय जस्ट हेल्ड द फाइल.’