१२० रुपयांची लीड स्वस्त की महाग? लीड जनरेशनचं गणित समजून घेऊया

माझ्या मामाचं नाशिकमध्ये एसी सर्व्हिसिंगचं काम आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याला एका एजन्सीचा फोन आला. "जाहिरात आम्ही करतो. तुम्ही फक्त लीडमागे १२० रुपये द्या." मामाने ४० लीड घेतल्या, ४,८०० रुपये भरले आणि महिन्याच्या शेवटी मला म्हणाला, "अरे, हे बघ ना जरा. कामं तर सहाच झाली."

मी मामाची कॉल हिस्टरी आणि एजन्सीने दिलेली शीट समोर ठेवून बसलो. ४० पैकी ९ जणांनी फोनच उचलला नाही. ५ जण म्हणाले, "आम्ही कुठलाही फॉर्म भरला नाही." ६ जण मामा जातच नाही अशा भागातले होते. ८ जणांनी फक्त रेट विचारला. उरलेल्या १२ जणांनी वेळ दिली, त्यातले ८ घरी भेटले आणि ६ जणांनी काम करून घेतलं.

"फॉर्म भरलाच नाही" म्हणणारे सगळे खोटं बोलत नसतात. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीतल्या फॉर्ममध्ये नाव आणि नंबर तुमच्या प्रोफाइलवरून आपोआप भरलेले येऊ शकतात. दोन-तीन टॅप केले की फॉर्म गेला, माणूस विसरूनही जातो. प्रोफाइलवर जुना नंबर असेल तर तोच पुढे जातो. जाहिरात बनवताना फॉर्मचा प्रकार निवडता येतो. `More volume` घेतला तर लीड जास्त येतात. `Higher intent` घेतला तर पाठवण्याआधी माहिती तपासण्याची एक पायरी वाढते, त्यामुळे लीड कमी येतात, पण फॉर्म चुकून जाण्याची शक्यताही कमी होते. लीडमागे पैसे घेणाऱ्याला साहजिकच पहिला प्रकार सोयीचा!

आता खरं गणित बघू. एका सर्व्हिसिंगचे मामाला ६०० रुपये मिळतात. पेट्रोल, सामान आणि हेल्परचा खर्च वजा केला की हातात ३५० उरतात. ४० लीडमधून ६ कामं, म्हणजे १०० लीडमागे १५. याचा अर्थ एका लीडची मामासाठी किंमत होती ३५० चे १५ टक्के, म्हणजे साधारण ५२ रुपये. त्याने दिले १२०. एका कामामागे एजन्सीला गेले ८०० रुपये आणि ग्राहकाकडून आले ६००!

मग आम्ही दुसऱ्या एका एजन्सीशी वेगळा व्यवहार ठरवला. लीड नको, अपॉइंटमेंट द्या. म्हणजे ग्राहकाला फोन त्यांनीच करायचा, भाग, एसी किती, स्प्लिट की विंडो हे विचारायचं, रेट आधीच सांगायचा, वेळ पक्की करायची आणि आदल्या संध्याकाळी आठवणीचा मेसेज पाठवायचा. फी अपॉइंटमेंटमागे २०० रुपये. "२०० म्हणजे अजूनच महाग की!" मामा म्हणाला.

पण कशाला अपॉइंटमेंट म्हणायचं, हे आम्ही व्हॉट्सॲपवर आधीच लिहून घेतलं होतं. ग्राहक मामाच्या भागातला हवा, ठरल्या वेळी घरी भेटायला हवा. तोच ग्राहक दुसऱ्या कुणाला विकायचा नाही. मामाच्या जुन्या ग्राहकाचा नंबर आला तर फी नाही. तक्रार तीन दिवसांत करायची, फोटो किंवा कॉल हिस्टरीसकट.

पहिल्या महिन्यात १५ अपॉइंटमेंट आल्या. तिघांच्या दाराला कुलूप होतं, त्यांची फी लागली नाही. १२ चे २,४०० रुपये दिले आणि ९ कामं झाली. म्हणजे कामामागे साधारण २६७ रुपये. ३५० मधून ते गेले की ८३ उरतात. फार नाहीत, पण तोटा नाही, आणि त्यातलं कुणी पुढच्या वर्षी थेट मामालाच फोन करेल, त्याची फी नाही.

तिसरी पद्धतही असते: काम झालं तरच टक्केवारी. ऐकायला सगळ्यात भारी वाटते. पण काम झालं की नाही हे फक्त मामालाच माहीत असतं. त्यामुळे एजन्सी एक तर जास्त टक्के मागते किंवा मोठ्या रकमेच्या कामांनाच हो म्हणते. ६०० रुपयांच्या कामासाठी रोज हिशोब तपासत बसणं तिला परवडत नाही.

तुमच्या घरी कुणाचा असा व्यवसाय असेल आणि असा फोन आला, तर आधी एवढंच करा. एका कामात हातात किती उरतं ते लिहा. १०० लीड किंवा अपॉइंटमेंटमधून किती कामं होतात, तितके टक्के त्या रकमेचे काढा. जो आकडा येईल त्याच्यावर फी गेली, तर नको म्हणा. टक्केवारी माहीत नसेल तर आधी १५-२० चीच ऑर्डर द्या आणि प्रत्येक कॉलपुढे काय झालं ते शीटमध्ये लिहा. मामा आता हे स्वतः मोबाईलवरच लिहितो.