व्हाउचरचे पंधराशे म्हणजे नक्की किती?

जुन्या गेमच्या दुकानात डिस्क काउंटरवर ठेवली की दोन आकडे ऐकू येतात. रोख हवी असेल तर इतके, व्हाउचर चालणार असेल तर त्याहून थोडे जास्त. तिसरा आकडा कुणी सांगत नाही, पण तो फळीवर चिकटवलेला असतो : हीच डिस्क दुकान पुढच्या गिऱ्हाइकाला कितीला विकणार. लंडनमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या आणि भारतातही दुकाने असलेल्या ‘सीईएक्स’ या साखळीच्या वेबसाइटवर तर विक्री, रोख आणि व्हाउचर असे तिन्ही भाव एकत्र पाहायला मिळतात. घरातून निघण्याआधी हे तीन आकडे समजून घेतले तर काउंटरवर घासाघीस करायची फारशी गरज उरत नाही.

हिशेब तिसऱ्या आकड्यापासून उलटा सुरू होतो. तुम्ही डिस्क कितीला घेतली होती, याच्याशी दुकानाला कर्तव्य नसते. आज ती किती रुपयांना विकली जाईल, फळीवर आधीच किती प्रती पडून आहेत आणि ही प्रत खपेपर्यंत भाव किती उतरेल, एवढेच बघितले जाते. मग त्यातून भाडे, पगार, परत आलेल्या मालाची नुकसानी आणि कर वजा होतात. भारतात जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला खरेदी आणि विक्री यांच्या फरकावरच जीएसटी भरण्याची मुभा आहे. तरीही तो फरक भरघोसच ठेवावा लागतो. ‘गेमस्टॉप’ या अमेरिकी साखळीच्या गेल्या दशकातल्या वार्षिक अहवालांत जुन्या मालावरचा ढोबळ नफा पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास दिसतो, तर नव्या गेमवरचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. जुनी डिस्क घ्यायला दुकान एवढे उत्सुक का असते, ते यावरून कळेल.

हिशेबाच्या सोयीसाठी आकडे धरू. एक डिस्क दुकान अडीच हजारांना विकते, तिच्यासाठी रोख १,२०० देते आणि व्हाउचर १,५०० चे देते. व्हाउचर जास्त दिले म्हणजे दुकानाने हात सैल सोडला, असे वाटते. पण तुम्ही त्या व्हाउचरवर १,५०० रुपयांचा जुना माल उचलणार. तोच माल दुकानाने याच प्रमाणात, म्हणजे विक्रीच्या साठ टक्क्यांनी, घेतलेला असेल तर तो त्याला ९०० रुपयांना पडलेला असतो. म्हणजे १,५०० चे व्हाउचर दुकानाला १,२०० च्या रोखीपेक्षा स्वस्त पडते. शिवाय काही व्हाउचरे पाकिटात तशीच राहून जातात. नव्या मालावर नफा कमी असल्यामुळे तिथे हे गणित बसत नाही. म्हणून व्हाउचर नव्या डिस्कला चालते का आणि त्याची मुदत किती, हे घेण्याआधी विचारून घ्यावे.

आता तुमच्या बाजूने पाहा. व्हाउचरची खरी किंमत त्यावर छापलेली नसते. त्यावर जे घ्याल, ते बाहेर कितीला मिळते यावर ती ठरते. समजा, तुम्हाला हवा असलेला गेम दुकानात तीन हजारांना आहे आणि तोच ओएलएक्सवर किंवा गेमवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अडीच हजारांना मिळतो. मग दुकानातला तुमचा रुपया बाहेरच्या सुमारे त्र्याऐंशी पैशांएवढा झाला आणि पंधराशेचे व्हाउचर प्रत्यक्षात १,२५० चे ठरले. रोखीपेक्षा फक्त पन्नास रुपये जास्त, आणि त्यासाठी तुम्ही त्याच दुकानाला बांधले गेलात. तुम्हाला हवी ती वस्तू दुसरीकडे मिळतच नसेल, किंवा सगळीकडे एकाच भावाने मिळत असेल, तरच व्हाउचर पूर्ण किमतीचे. एखाद्या नव्या गेमच्या खरेदीवर जुन्या डिस्कचा भाव वाढवून देण्याची योजना चालू असेल, तर तेव्हाही ते घेण्यासारखे असते.

खासगी विक्रीचा भाव या तीन आकड्यांच्या मधेच कुठेतरी बसतो. घेणारा दुकानाच्या अडीच हजारांच्या वर जाणार नाही, कारण तिथे त्याला डिस्क बदलून मिळण्याची हमी आहे. तुम्ही बाराशेच्या खाली उतरणार नाही. वरच्या उदाहरणात सौदा साधारण १,९५० ला तुटेल. कुरियर आणि पॅकिंगचे १२० वजा केले की हातात १,८३० राहतात, म्हणजे दुकानातल्या रोखीपेक्षा सव्वासहाशे रुपये जास्त. दोन संध्याकाळी मेसेजना उत्तरे देण्याचा हा मोबदला मला तरी रास्त वाटतो.

पण हेच गणित स्वस्त डिस्कला लावून बघा. दुकान ६०० ला विकते, व्हाउचर ३३० आणि रोख २५० देते. बाहेर ४३० आले आणि कुरियरला १२० गेले, तर हातात राहिले ३१०. रोखीपेक्षा साठ रुपये जास्त मिळवण्यासाठी फोटो, चौकशा आणि घासाघीस एवढा खटाटोप करू नये. कुरियरचा खर्च डिस्कची किंमत बघून कमी होत नाही, म्हणून स्वस्त डिस्का एकतर दुकानात द्याव्यात किंवा चार-पाच एकत्र करून एकाच घेणाऱ्याला विकाव्यात. घेणारा तुमच्याच शहरातला असेल आणि कुरियर वाचत असेल, तर ही मर्यादा बरीच खाली येते.

डिस्कची अवस्था मात्र दोन्हीकडे पाहिली जाते. जुन्या डीव्हीडीवरचे ओरखडे घासून काढता येत, कारण माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असे. पीएस४ आणि पीएस५ च्या ब्लू-रे डिस्कमध्ये तो अवघा ०.१ मिलिमीटर आत असतो, त्यामुळे वरचे कठीण आवरण भेदून गेलेल्या ओरखड्यावर उपाय नाही आणि दुकान अशी डिस्क सरळ नाकारते. दिव्याखाली डिस्क तिरपी धरून आधी स्वतःच पाहावे. परदेशातून आणलेल्या प्रतीचा भावही पडतो : गेम चालतो, पण त्याची जोडसामग्री त्याच प्रदेशाच्या खात्यावर घ्यावी लागते.

वेळ चुकली तर वरचे सगळे आकडे बदलतात. कथाप्रधान गेमला पहिल्या काही आठवड्यांत खासगी ग्राहक जवळजवळ नव्याचा भाव देतात. खेळून संपवलेल्या प्रती बाजारात येऊ लागल्या की भाव घसरतो. फुटबॉलच्या ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ची नवी आवृत्ती दरवर्षी सप्टेंबरअखेरीस येते, म्हणून जुनी ऑगस्टच्या आत काढून टाकावी. ऑनलाइन स्टोअरमध्ये तोच गेम मोठ्या सवलतीत आला किंवा वर्गणीवाल्या संग्रहात समाविष्ट झाला, तरी डिस्कचा भाव उतरतो. डिजिटल विकत घेतलेला गेम तर पुढे विकताच येत नाही; हातात डिस्क आहे म्हणूनच हा सगळा हिशेब मांडता येतो.

कन्सोलच्या बाबतीत फरक हजारांत जातो, पण घेणाऱ्याची शंकाही तेवढीच मोठी असते. बिल जवळ असेल तर त्याला घरी बोलवावे, टीव्हीला जोडून डिस्क चालवून दाखवावी आणि सौदा ठरल्यावर त्याच्यासमोर आपले खाते काढून कन्सोल मूळ स्थितीला न्यावा. बिल नसेल, किंवा पंखा आवाज करत असेल, तर तो दोष सांगून दुकानातच द्यावा. खासगी ग्राहक अशा कन्सोलचा भाव दुकानापेक्षाही खाली पाडतो. पैसे यूपीआयने येणार असतील तर एवढेच पक्के धरावे, की पैसे घेण्यासाठी ना क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. जो घेणारा तसे करायला सांगतो, त्याच्याशी सौदा तिथेच थांबवावा.