प्रमाण विचलनाचे बरोबर उत्तर उत्तरसूचीशी का जुळत नाही? : सरासरीच्या अकाली आसन्नीकरणाचे एक उदाहरण

प्रस्तावना

पदवी वर्गातील संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रमाण विचलन काढण्याची दोन सूत्रे शिकविली जातात. पहिल्यात प्रत्येक संख्येतून सरासरी वजा करून येणाऱ्या विचलनांचे वर्ग केले जातात आणि त्या वर्गांची सरासरी घेतली जाते. दुसऱ्यात संख्यांच्या वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा केला जातो. दोन्हींचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. दुसरे सूत्र पहिल्यातूनच बीजगणिताने सिद्ध होते, म्हणून ती दोन्ही समान आहेत असे फळ्यावर सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु एखादी विद्यार्थिनी पहिल्या सूत्राने उदाहरण सोडविते, उत्तरसूची दुसऱ्या सूत्राने तयार झालेली असते आणि दोन्ही उत्तरांत दुर्लक्ष करता येणार नाही एवढा फरक पडतो. विद्यार्थिनीची रीत बरोबर असते, आकडेमोडही बरोबर असते. तरी तिचे गुण जातात. ‘आकडेमोड पुन्हा तपासा’ हे अशा वेळी नेहमी मिळणारे उत्तर तिच्या शंकेचे निरसन करीत नाही, कारण कितीही वेळा तपासले तरी तिला तेच उत्तर मिळणार असते. हा फरक कोठून येतो आणि तो तिला कसा पटवून द्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे केले आहे.

उदाहरण

सात विद्यार्थ्यांची उंची सेंटिमीटरमध्ये १५०, १५१, १५२, १५२, १५३, १५४ आणि १५५ अशी आहे असे मानू. प्रमाण विचलन दोन दशांश स्थळांपर्यंत काढावयाचे आहे. उंचींची बेरीज १०६७ येते. तिला ७ ने भागल्यास सरासरी १५२.४२८५७१… अशी न संपणारी येते. येथे प्रत्येक जण काही अंकांनंतर थांबतोच. प्रश्नात ‘दोन दशांश स्थळांपर्यंत’ असे म्हटलेले असल्याने बहुतेक जण सरासरीची आसन्न किंमत १५२.४३ घेतात, म्हणजेच ज्याला वर्गात ‘राउंड ऑफ करणे’ म्हणतात ते पहिल्याच पायरीवर करतात. विद्यार्थिनीने हेच केले आणि उत्तरसूची तयार करणाऱ्यानेही हेच केले असे समजू.

विद्यार्थिनीने पहिले सूत्र वापरले. तिची विचलने −२.४३, −१.४३, −०.४३, −०.४३, ०.५७, १.५७ आणि २.५७ अशी आली. त्यांच्या वर्गांची बेरीज १७.७१४३ येते. तिला ७ ने भागून २.५३०६ हे विचरण, म्हणजेच प्रमाण विचलनाचा वर्ग, मिळतो आणि त्याचे वर्गमूळ १.५९ येते.

उत्तरसूचीकाराने दुसरे सूत्र वापरले. उंचींच्या वर्गांची बेरीज १६२६५९ आहे. तिला ७ ने भागल्यास योगायोगाने २३२३७ ही पूर्ण संख्या मिळते. सरासरी १५२.४३ धरल्यास तिचा वर्ग २३२३४.९०४९ येतो. वजाबाकी २.०९५१ आणि वर्गमूळ १.४५. उत्तरसूचीत १.४५ छापले जाते आणि १.५९ लिहिणारी विद्यार्थिनी चुकली असे ठरते.

फरक कोठे निर्माण होतो

दोघांनीही सरासरीत केलेला बदल एकच आणि अत्यल्प आहे. १५२.४३ ही किंमत खऱ्या सरासरीपेक्षा फक्त सुमारे ०.००१४३ ने मोठी आहे, म्हणजे साधारण एक लाखात एक भाग. एवढ्याशा बदलाने उत्तर ९ टक्क्यांनी खाली कसे येते, हाच विद्यार्थिनीचा खरा प्रश्न असतो.

दुसऱ्या सूत्रात हा लहानसा बदल वर्ग करण्याच्या पायरीतून जातो. एखाद्या संख्येत थोडी वाढ केली, तर तिच्या वर्गात त्या वाढीच्या साधारण दुप्पट गुणिले ती संख्या एवढी वाढ होते. येथे ती २ × १५२.४३ × ०.००१४३, म्हणजे जवळजवळ ०.४४ भरते. तेवीस हजारांच्या घरातील वर्गामध्ये ०.४४ ची वाढ कोणाच्या नजरेत भरणार नाही. मात्र पुढच्याच पायरीवर या वर्गाची वजाबाकी २३२३७ मधून होते. दोन्ही संख्यांचे पहिले चार अंक, २३२३, तेच असल्याने ते एकमेकांना छेदून जातात आणि हाती उरतो तो अडीचच्या आसपासचा शेष. चूक मात्र कशानेही छेदली जात नाही. ती जशीच्या तशी या लहान शेषात उतरते. तेवीस हजारांत नगण्य असलेले ०.४४ अडीचमध्ये १७ टक्के होते. खरे विचरण २.५३०६ आणि सूचीतील २.०९५१ यांतील अंतर ०.४३५५ आहे, वरच्या अंदाजाशी ते जुळते.

पहिल्या सूत्रात मोठ्या संख्या आरंभीच वजा होतात आणि नंतर लहान विचलनांचे वर्ग केले जातात. सरासरी किंचित मोठी धरल्याने काही विचलने थोडी वाढतात, तर काही थोडी घटतात आणि हे परिणाम एकमेकांना जवळजवळ पूर्णपणे नाहीसे करतात. विचरणात शिल्लक राहते ती सरासरीतील चुकीच्या वर्गाइतकी वाढ, म्हणजे सुमारे ०.०००००२. त्यामुळे या सूत्रात सरासरी १५२.४ इतकी ढोबळ धरली, तरी वर्गांची बेरीज १७.७२ आणि प्रमाण विचलन १.५९ हेच येते. तीच १५२.४ दुसऱ्या सूत्रात वापरून पाहावी: वर्ग २३२२५.७६, विचरण ११.२४ आणि प्रमाण विचलन ३.३५! एखाद्याने सरासरी १५२.५ धरली, तर वर्ग २३२५६.२५ होऊन विचरण चक्क ऋण येते आणि वर्गमूळ काढताच येत नाही. अशा वेळी विद्यार्थी निदान थांबतो आणि शंका घेतो. १.४५ सारखे सभ्य दिसणारे उत्तर त्याहून अधिक फसवे असते, कारण ते पाहून कोणालाच शंका येत नाही.

दुसऱ्या सूत्राने दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर उत्तर हवे असेल, तर येथे सरासरीची चार दशांश स्थळे ठेवावी लागतात. १५२.४२९ घेतल्यास उत्तर १.५५ येते, १५२.४२८६ घेतल्यावरच ते १.५९ वर पोहोचते. ‘उत्तरात जितकी स्थळे हवीत त्यापेक्षा एक अधिक ठेवा’ हा प्रचलित सल्ला या ठिकाणी पुरा पडत नाही.

विद्यार्थिनीला पटेल असा पडताळा

वरील बीजगणित प्रत्येकीला रुचेलच असे नाही. त्याहून सोपा पडताळा उपलब्ध आहे. सर्व उंचींतून १५० वजा कराव्यात. संख्या ०, १, २, २, ३, ४, ५ अशा होतात. सर्वांतून सारखीच संख्या वजा केल्याने त्यांचा विखुरलेपणा बदलत नाही, हे गृहीतमध्य पद्धत शिकलेल्या विद्यार्थिनीला आधीच ठाऊक असते. आता उत्तरसूचीचेच सूत्र आणि उत्तरसूचीचेच दोन स्थळांचे आसन्नीकरण वापरावे. बेरीज १७, सरासरी २.४३, वर्गांची बेरीज ५९, तिची सरासरी ८.४३. विचरण ८.४३ − ५.९०४९ = २.५२५१ आणि प्रमाण विचलन १.५९. सूत्र तेच, आसन्नीकरण तेच, विद्यार्थीही तेच. केवळ मोजणीचा आरंभबिंदू बदलला आणि १.४५ चे १.५९ झाले. आरंभबिंदू हलविल्याने जे उत्तर बदलते ते उंचींच्या विखुरलेपणाचे माप असू शकत नाही, ही गोष्ट यानंतर वेगळी सांगावी लागत नाही.

उत्तर जुळले नाही की प्रत्येक वेळी दोष आसन्नीकरणावर ढकलणेही योग्य नव्हे. याच उदाहरणात उत्तरसूचीत १.७२ असते, तर कारण निराळे ठरले असते: वर्गांच्या बेरजेला ७ ऐवजी ६ ने, म्हणजे एकूण संख्येपेक्षा एकाने कमी अशा संख्येने भागले गेले आहे. नमुन्यावरून समष्टीचा अंदाज घेताना तसे करतात. तो फरक संकल्पनेचा आहे, अंकांचा नाही. दोहोंतील भेद ओळखण्यासाठी सूचीकाराने कोठे आसन्न किंमत घेतली असावी याचा अंदाज करून त्या किमतीने उदाहरण पुन्हा सोडवावे. सूचीतील उत्तर अंकन्‌अंक हाती आले, तर कारण निश्चित झाले असे समजण्यास हरकत नाही.

हा दोष नेहमीच उद्भवतो असेही नाही. संख्या लहान असून त्यांचा विस्तार सरासरीच्या मानाने मोठा असेल, तर तो जाणवत नाही. २, ५ आणि ९ या संख्यांची सरासरी ५.३३ धरली, तरी दोन्ही सूत्रांनी २.८७ च येते. पाठ्यपुस्तकातील उदाहरणांत सरासरी बहुधा पूर्णांकात येईल अशी योजना असते आणि म्हणून दुसरे सूत्र वर्षानुवर्षे निर्धोक भासते. उंची, जन्मवर्षे, सोन्याचे रोजचे दर अशी मोठ्या पण एकमेकींच्या जवळ असलेल्या संख्यांची माहिती आली की ते दगा देते.

संगणकही यास अपवाद नाही. तो प्रत्येक संख्येचे साधारण १५ ते १६ सार्थ अंकच जपतो; म्हणजे त्याचेही आसन्नीकरण होते, फक्त पुष्कळ उशिरा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलमधील STDEV हे फल २००३ पूर्वीच्या आवृत्त्यांत दुसऱ्या सूत्राच्या धर्तीवर चालत असे आणि शंभर कोटींच्या घरातील, पण परस्परांत एकदोनाचेच अंतर असलेल्या संख्या दिल्यास त्याचे उत्तर पार चुकू शकत असे. अशा संख्यांच्या वर्गात १९ अंक असतात, ते मावतच नाहीत. एक्सेल २००३ मध्ये आधी सरासरी, मग विचलने अशी दोन फेऱ्यांची पद्धत स्वीकारण्यात आली. विद्यार्थिनीने वहीत वापरलेली पद्धत हीच होय.

उत्तरसूची आणि गुणदान

प्रश्नपत्रिकेतील ‘दोन दशांश स्थळांपर्यंत’ ही सूचना अंतिम उत्तरापुरती असते. मधल्या पायऱ्यांना ती लागू होत नाही, हे वर्गात स्पष्ट सांगितले जात नाही. सूचीतील उत्तराच्या आसपास ०.०१ ची सवलत दिली, तरी १.४५ आणि १.५९ यांतील अंतर त्यात सामावत नाही. सवलत ०.१५ पर्यंत वाढविली, तर १.७२ हे उत्तरही १.५९ च्या कक्षेत येते आणि भाजक चुकीचा घेणाराही बरोबर ठरतो. तेव्हा सवलत रुंदावण्यापेक्षा सूचीतील उत्तरच दोन्ही सूत्रांनी काढून पाहणे श्रेयस्कर आहे. सूची चुकलेली आढळल्यास १.५९ ला पूर्ण गुण द्यावेत. १.४५ लिहिणाऱ्याचे रीतीचे गुण कापू नयेत. अंतिम उत्तराचा गुण मात्र त्याला देता येणार नाही, मग ते उत्तर सूचीत छापलेले का असेना.

साध्या गणकयंत्रावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरेच सूत्र सोयीचे वाटत असेल, तर भागाकार शेवटपर्यंत लांबविण्याची युक्ती त्याला दाखवावी. वर्गांच्या बेरजेला ७ ने गुणावे: ७ × १६२६५९ = ११३८६१३. त्यातून बेरजेचा वर्ग, १०६७² = ११३८४८९, वजा करावा. राहतात नेमके १२४. त्याचे वर्गमूळ ११.१३५५, त्याला ७ ने भागले की १.५९. येथवर सर्व संख्या पूर्णांकातच असल्याने आसन्नीकरणाला वाव मिळत नाही आणि सातऐवजी सत्तर उंची असल्या, तरी वर्गमूळ व भागाकार एकेकदाच, तेही अगदी शेवटी, करावे लागतात.