पसरणारं काजळ आणि झोंबणारे डोळे

खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढून आरशात पाहिलं, तर पापणीचे केस आणि डोळा यांच्यामध्ये एक बारीक, ओलसर गुलाबी पट्टी दिसते. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात तिला ‘वॉटरलाइन’ म्हणतात. काजळ भरायची परंपरागत जागा हीच. पण ही पट्टी नुसती त्वचा नाही. तिच्यावर तेलग्रंथींची वीस-तीस सूक्ष्म तोंडं ओळीने उघडतात. त्यांतून झिरपणारं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं, म्हणून डोळ्याचं पाणी लगेच उडून जात नाही. या तोंडांवर रोज मेणाचा आणि रंगाचा लेप बसला, तर ती तुंबू शकतात. मग डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात आणि कुणाला वारंवार रांजणवाडी होते.

लावलेला रंग पट्टीवर थांबतही नाही. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या अ‍ॅलिसन एनजी यांनी पेन्सिल आयलायनर दोन ठिकाणी लावून चित्रीकरण केलं: एकदा पापणीच्या केसांच्या बाहेर आणि एकदा आत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आत लावल्यावर पाच मिनिटांतच अश्रूंच्या थरात 15 ते 30 टक्के अधिक कण उतरलेले दिसले. दोनेक तासांत बहुतेक कण वाहून गेले. निरोगी डोळा एवढं निभावून नेतो. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर कण तिला चिकटतात आणि दिवसभर डोळ्यावर घासत राहतात. चमकीचं लायनर तर आतल्या कडेला लावूच नये.

आता पसरण्याचं. काजळ पाण्याने पसरतं असा सर्वसाधारण समज आहे, पण पाण्याइतकंच, किंबहुना जास्तच, ते तेलाने पसरतं. साधी पेन्सिल म्हणजे मेण, तेल आणि काळा रंग. पापणीचं तेल, चेहऱ्याचा घाम आणि डोळ्याखाली लावलेलं क्रीम त्यात मिसळलं की दुपारपर्यंत डोळ्याखाली काळी वर्तुळं तयार. न पसरणाऱ्या पेन्सिलीत आयसोडोडेकेनसारखा उडून जाणारा द्रव असतो. तो अर्ध्या-एक मिनिटात उडतो आणि मागे रंगाला धरून ठेवणारा चिवट पापुद्रा उरतो. म्हणून लावल्यावर तेवढा वेळ डोळे चोळायचे नाहीत, मिचकवायचेही नाहीत.

समजा, डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या मुलीला अशी पेन्सिल निवडायची आहे. दुकानात तिने मनगटावर तीन रेघा ओढाव्यात आणि मिनिटभर थांबावं. एक रेघ कोरड्या बोटाने घासावी, दुसरी पाण्याच्या थेंबाने, तिसरी किंचित क्रीम लावून. पाण्याला टिकून क्रीमपुढे विरघळणारी पेन्सिल ‘वॉटरप्रूफ’ असेल, पण लोकलच्या उकाड्यात ती गालावर उतरणारच. मग उरलेल्या रेघा मेकअप रिमूव्हरने पुसून पाहाव्यात. जी निघता निघत नाही, ती रात्री पापणी रगडायला लावते. नाजूक डोळ्यांना ते रगडणं काजळाइतकंच बाधतं. डोळे हळवे असतील तर तिने तिन्ही चाचण्यांत उतरलेली पेन्सिलही केसांच्या बाहेरच लावावी. आतली कड भरायचीच असेल, तर वेष्टनावर वॉटरलाइनचा आणि लेन्सचा स्पष्ट उल्लेख असलेली, बिनसुगंधी पेन्सिल घ्यावी. ‘डर्मेटोलॉजिस्ट टेस्टेड’ एवढ्यावर भुलू नये. ती चाचणी डोळ्याच्या आत झाली असेलच असं नाही.

‘थंडावा देणारं’ काजळ हे वेगळंच प्रकरण. त्यात बहुधा कापूर किंवा मेंथॉल असतो. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं की ‘घाण निघाली’ असं घरात कौतुकाने सांगितलं जातं. प्रत्यक्षात ती डोळ्याची तक्रार असते, आणि त्याच पाण्याने काजळही ओघळतं.

खरा धोका मात्र सुट्या, बिननावाच्या डबीत आहे. काही पारंपरिक सुरम्यांचा मुख्य घटक शिशाचं सल्फाइड असतो. अमेरिकेत असं काजळ-सुरमा विकायला परवानगी नाही, आणि भारतातही रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला बंदी आहे. बाळाच्या डोळ्यात ते गेलं की हातांवाटे तोंडातही जातं, आणि शिसं वाढत्या मेंदूला घातक असतं. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळीत शिसं नसलं, तरी ती निर्जंतुक नसते. बाळाला तीट लावायचीच तर ती कपाळावर किंवा तळपायाला लावावी.

छिलता येणाऱ्या पेन्सिलीचं टोक दर वेळी थोडं छिललं की वरचा मळका थर निघून जातो. फिरवून वर येणाऱ्या पेन्सिलीत ही सोय नाही. वेष्टनावर उघड्या डबीच्या चित्रात ‘6M’ लिहिलं असेल, तर उघडल्यापासून सहा महिन्यांनी ती टाकून द्यावी. डोळे आले असताना वापरलेली पेन्सिल तर लगेच टाकावी, आणि मैत्रिणीची उसनी घेऊ नये. काजळ बंद करूनही दोन-तीन दिवसांत लाली गेली नाही, किंवा डोळा दुखू लागला, अंधुक दिसू लागलं, तर लगेच नेत्रतज्ज्ञांना गाठावं आणि पेन्सिल वेष्टनासकट सोबत न्यावी. घटकांची यादी त्यांच्या उपयोगी पडते.